वायर टोकालाच का तुटते

बदलापूरहून सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर. स्लो लोकल असेल तर दीड तासाचा प्रवास, आणि सकाळच्या गर्दीत तो बहुतेकांचा उभ्यानेच होतो. सॅक पाठीवरून पुढे, छातीशी घेतलेली असते. तिच्यात पॉवर बँक, हातात फोन आणि दोघांना जोडणारी हातभर केबल. फोन उभा धरलेला, चार्जिंगची पिन त्याच्या खालच्या कडेला. केबल पिनेतून बाहेर पडते आणि लगेच वळून सॅकच्या चेनमध्ये शिरते. अंबरनाथला, उल्हासनगरला माणसं आत येतात, धक्का बसतो, हात वर-खाली होतो, आणि प्रत्येक वेळी केबल एकाच जागी वाकते: पिनेच्या तोंडाशी. हातभर लांबीतलं बाकी सगळं अंग जवळजवळ स्वस्थ असतं. सगळं काम त्या एका सेंटीमीटरला पडतं.

अशी बंद पडलेली केबल ब्लेडने उभी चिरून पाहण्यासारखी असते. मधल्या भागात आवरण सोललं की तांबं नव्यासारखं चमकतं, पीळ जागच्या जागी असतो. तसंच पिनेकडे सरकत गेलं की शेवटच्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये चित्र बदलतं. तांबं काळपट होतं, पीळ विस्कटतो आणि पिनेच्या प्लॅस्टिकला लागून तारांची तुटकी टोकं दिसतात. भिंगाखाली त्या टोकांकडे नीट पाहावं. ओढून तुटलेली तांब्याची तार टोकाशी बारीक होत जाते, निमुळती होते. इथली बरीचशी टोकं तशी नसतात, ती जवळजवळ सपाट तुटलेली असतात. याचा अर्थ या तारा एका हिसक्याने गेलेल्या नाहीत. त्या वाकून वाकून, थकून तुटल्या आहेत. केबल ओढल्याने तुटते असं आपण घरात सर्रास म्हणतो. ओढण्याने नुकसान होतं हे खरंच, पण बहुतेक केबलींचा जीव वाकण्याने जातो.

हे थकणं समजायला थोडासा हिशेब करावा लागतो, आणि तो सोपा आहे. तार वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मधोमध एक रेषा अशी राहते जिची लांबी बदलत नाही. बाहेरची बाजू किती ताणली जाते हे दोनच गोष्टींवर ठरतं: तार किती जाड आहे आणि वळण किती घट्ट आहे. तारेच्या जाडीचा अर्धा भाग भागिले वळणाची त्रिज्या, एवढा तो ताण. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये एकेका वायरीत ०.१ मिलिमीटर जाडीच्या सात तारा आहेत असं धरू. अशी तार ५ सेंटीमीटर त्रिज्येच्या ऐसपैस वळणात वाकली, तर तिच्या बाहेरच्या बाजूवर ताण येतो एक हजारांश. तीच तार ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर दहापट, म्हणजे शंभरात एक. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण मऊ तांबं एक हजारांशापेक्षा कमी ताणालाच कायमचं वाकू लागतं. शंभरात एक ताण म्हणजे प्रत्येक वाकणं तांब्याच्या सोसण्याच्या हद्दीबाहेरचं आहे. तार सरळ केली की ती सरळ दिसते, पण आत धातूच्या कणांच्या रांगा घसरलेल्या असतात आणि त्या पूर्वीच्या जागी परत येत नाहीत. तांबं त्यामुळे कडक होत जातं, पृष्ठभागावर सूक्ष्म चीर पडते आणि पुढच्या प्रत्येक वाकण्याला ती चीर थोडी आत सरकते.

ताण आणि आयुष्य यांचं नातं सरळ त्रैराशिकाचं नाही. धातूंच्या थकव्याचा अभ्यास करणाऱ्यांना हे गेल्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. अशा मोठ्या ताणाच्या वाकण्यात ताण निम्म्यावर आणला तर तार साधारण चौपट वेळा वाकू शकते. म्हणजे वळण थोडंसं मोकळं केलं तरी फायदा थोडासा होत नाही, भरपूर होतो. म्हणूनच केबल जाड तारेची न करता केसासारख्या बारीक तारांची करतात. जाडी कमी, म्हणून ताण कमी.

आता हा हिशेब पिनेच्या तोंडाशी नेऊन पाहू. तिथे एकाच वेळी तीन गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट वळणाची. केबलचं मधलं अंग वाकवलं की वाक दोन्हीकडे पसरतो, कारण दोन्ही बाजू सारख्याच मऊ असतात. पिन मात्र कडक असते आणि फोनमध्ये रुतलेली असते. एक बाजू हलायलाच तयार नाही म्हटल्यावर सगळा वाक कडक भाग संपतो तिथे गोळा होतो. केबल कुठूनही ओढा, कुठल्याही दिशेने हलवा, सर्वांत घट्ट वळण तिथेच पडतं.

दुसरी गोष्ट पिळाची. वायरीतल्या सात तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. त्यामुळे प्रत्येक तार कधी वळणाच्या बाहेरच्या बाजूला येते, कधी आतल्या. बाहेर आली की तिला लांबी कमी पडते, आत गेली की लांबी उरते, आणि तारा एकमेकींवरून किंचित सरकून ही उणीव भरून काढतात. पीळ घालण्याचं मुख्य कारण हेच आहे. पण पिळाची एक फेरी पूर्ण व्हायला सेंटीमीटरभर तरी लांबी लागते. पिनेजवळचं वळण त्याहून आखूड असतं. तिथे जी तार बाहेर सापडली ती बाहेरच राहते. शिवाय तिचं एक टोक पिनेत पक्कं डकवलेलं असतं, त्यामुळे त्या बाजूने सरकायलाही वाव नसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत वाईट, आणि ती बाहेरून कधीच दिसत नाही. पिनेच्या आत तारा झाळून बसवलेल्या असतात. वितळलेलं सोल्डर बारीक तारांच्या फटींतून आपोआप वर चढतं, जसं दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, फरक एवढाच की ते थंड होऊन तिथेच गोठतं. झाळणाऱ्याचा हात जरा जड असला की ते प्लॅस्टिकच्या तोंडापर्यंत पोचतं. तेवढ्या भागात सात सुट्या तारा उरत नाहीत, ०.३ मिलिमीटर जाडीची एकच भरीव काडी होते. वरच्या हिशेबात जाडी तिप्पट घातली की ताणही तिप्पट होतो: शंभरात तीन. जिथे वळण सर्वांत घट्ट, तिथेच तार सर्वांत जाड आणि ताठ. सोल्डर संपतं आणि सुट्या तारा सुरू होतात त्या रेषेवर केबल तुटते. चिरलेल्या केबलमध्ये ही रेषा स्पष्ट दिसते. एका बाजूला चांदीसारखी चकाकी, दुसऱ्या बाजूला तांबडा रंग, आणि फाट नेमकी मधे.

पिनेच्या मागे रबरासारखी निमुळती बाही असते, तिच्यावर कधी आडव्या खाचा असतात. ती शोभेसाठी नसते. ती पिनेकडे जाड आणि केबलकडे बारीक असते, म्हणजे कडकपणा एकदम संपत नाही, हळूहळू उतरतो आणि वाक दोन-तीन सेंटीमीटरवर पसरतो. खाचांमुळे बाही वाकते, पण ठरावीक मर्यादेनंतर खाचांच्या कडा एकमेकींना टेकतात आणि वळण आणखी घट्ट होऊ देत नाहीत. केबल विकत घेताना मी सर्वांत आधी ही बाही पाहतो. ती आखूड आणि टणक असेल, तर बाकी केबल कितीही देखणी असली तरी तिचं आयुष्य फार नाही.

मग प्रश्न येतो तो पूर्वसूचनेचा. तारा एकेक करून तुटत असतील, तर केबल हळूहळू मंद व्हायला नको का? काल चालत होती आणि आज बंद, असं का होतं? याचंही उत्तर हिशेबात आहे. सात तारांच्या त्या वायरीचा मीटरभर लांबीचा विद्युत रोध साधारण ०.३१ ओहम येतो. जाणारी आणि येणारी अशा दोन वायरी धरल्या तर ०.६३. आता पिनेजवळ एक मिलिमीटर भागात सातपैकी सहा तारा तुटल्या आणि एकच उरली असं समजा. तेवढ्या भागाचा रोध सातपट होईल, पण तो भागच इतका आखूड आहे की एकूण रोधात भर पडते फक्त ०.००२ ओहमची. म्हणजे एक टक्काही नाही. फोनला हा फरक कळत नाही, माणसाला तर नाहीच. सहा तारा गेल्या तरी केबल पहिल्या दिवसासारखीच चालते. शेवटची तार तुटली की मगच सगळं संपतं. त्यानंतरही तुटलेली टोकं कधी कधी एकमेकांना टेकतात, म्हणून केबल एका विशिष्ट कोनात धरली की चार्जिंग सुरू होतं आणि सोडली की थांबतं. फोनखाली पाकीट ठेवून, केबलला गाठ मारून, पिन अंगठ्याने दाबून आपण जे करतो, ते तुटलेली टोकं एकमेकांना टेकवून धरणं असतं.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. केबल पहिल्यापासूनच मंद चार्ज करत असेल, तर ती तुटत आलेली नाही, तिच्यात तांबंच कमी आहे. वरच्याच वायरीतून २ अँपिअर नेले तर ५ व्होल्टपैकी सव्वा व्होल्ट वाटेतच खर्च होतात. उलट चांगली जलद चालणारी केबल एकाएकी मंद झाली आणि ‘फास्ट चार्जिंग’चं चिन्ह दिसेनासं झालं, तर आतली एखादी बारीक वायर गेलेली असण्याची शक्यता मोठी. साध्या चार्जिंग केबलमध्ये लाल आणि काळी वायर वीज नेतात. हिरवी आणि पांढरी यांच्यावर फोन आणि चार्जर आपापसात बोलतात. या दोघी बहुधा लाल-काळीपेक्षा बारीक असतात आणि अनेकदा आधी जातात. बोलणं तुटलं की कित्येक चार्जर जास्त वीज द्यायचं थांबवतात, साधा पुरवठा मात्र चालू ठेवतात. केबल कॉम्प्युटरला जोडून पाहावी. फोन चार्ज होतो पण कॉम्प्युटरवर दिसत नाही, असं झालं की निदान जवळजवळ पक्कं. एकच सावधगिरी: काही स्वस्त केबलींत या दोन वायरी मुळातच घातलेल्या नसतात.

आतापर्यंत तांब्याचं झालं. वरच्या आवरणाची गोष्ट वेगळी आहे, आणि रबरी केबल चांगली की दोऱ्याने विणलेली, हा दुकानातला वाद इथे येतो.

दुकानात ज्याला रबरी म्हणतात ती मोबाईलची केबल सहसा रबराची नसते. ती पीव्हीसीची असते किंवा टीपीई नावाच्या रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकची. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवायला त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. हे द्रव्य कायम आत राहत नाही. उष्णतेने ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि पीव्हीसी पुन्हा कडक व्हायला लागतं. बदलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, आणि खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गरम चार्जरला चिकटून पडलेल्या केबलला त्याहून जास्त सोसावं लागतं. टीपीईचं दुखणं वेगळं. त्याच्या काही प्रकारांना तेलाचं वावडं असतं. तळहाताचा घाम आणि त्वचेचा तेलकटपणा त्यात शिरतो, आवरण फुगतं, चिकट होतं, पिवळट पडतं आणि शेवटी सोलून येतं. हेही पिनेजवळच घडतं, कारण आपली बोटं रोज तिथेच लागतात.

मऊ आवरणाचा मोठा दोष असा की ते अखंड असतं. एका जागी बारीक चीर पडली की वाकताना सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी जमा होतो आणि चीर पुढे धावते. बाहीच्या कडेला सुरू झालेली फट काही आठवड्यांत पूर्ण वेढा घालते आणि आवरण मोज्यासारखं मागे सरकतं. पण यात एक गुणही आहे: हा आजार लपत नाही. आतल्या रंगीत वायरी दिसायला लागल्या की माणूस सावध होतो.

विणलेली केबल कशी बनते ते पाहायचं तर शिमग्यातला गोफ आठवावा. वर एका खांबाला दोऱ्या बांधलेल्या, खाली नाचणारे प्रत्येकी एक दोरी धरून. निम्मे एका दिशेने फिरतात, निम्मे उलट दिशेने, एकदा समोरच्याच्या आतून आणि एकदा बाहेरून, आणि वर वेणी तयार होते. केबल विणणारं यंत्र हेच करतं. नाचणाऱ्यांच्या जागी दोऱ्याच्या रिळा असतात, त्या वाटोळ्या मार्गावर एकमेकींच्या आतून-बाहेरून पळतात, आणि मधून केबल वर सरकत जाते. दोरा बहुतेक वेळा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा असतो.

या विणीचा पहिला गुण म्हणजे तिच्यात चीर धावत नाही. एक धागा तुटला तर तो एकच धागा तुटला, शेजारचा आपल्या जागी शाबूत राहतो. दुसरा गुण ओढण्याबाबतचा. केबल ओढली की तिरके धागे लांबीच्या दिशेला वळतात, वीण आवळते आणि ओढ बरीचशी तीच सोसते, तांब्यापर्यंत कमी पोचते. टेबलाच्या कडेवर, सॅकच्या चेनच्या दातांवर घासण्याला ती मऊ आवरणापेक्षा चांगली टिकते. झिजते तेव्हा बारीक तंतू एकेक करून तुटतात आणि केबलवर लव उठल्यासारखी दिसते. इथल्या रस्त्यांची धूळ विणीत अडकते आणि प्रत्येक वाकण्याला धाग्यांना आतून घासत राहते, म्हणून झीज वरून दिसते त्याहून जास्त असते. नायलॉन पाणीही धरतो. पावसाळ्यात भिजलेली विणलेली केबल लवकर वाळत नाही, आणि ती ओलसर असताना फोनमध्ये खोचणं धातूच्या टोकांसाठी वाईट.

पण वाकण्याच्या बाबतीत वीण फारशी मदत करत नाही, आणि इथेच ग्राहकाची फसगत होते. विणीखाली बहुधा तेच पातळ प्लॅस्टिकचं आवरण असतं, त्याच्या आत त्याच तारा. आवरण फाटलं तरी वर वीण असल्यामुळे ते दिसत नाही. वीण आतल्या आवरणावरून सरकते, एका जागी चुणी पडून गोळा होते आणि दुसरीकडे ताणली जाते. तिचं टोक पिनेच्या आत चिकटवलेलं असतं, तिथून ते सुटलं की वीण मागे येते आणि मधला भाग उघडा पडतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे अनेक विणलेल्या केबलींना पिनेपाशी चकचकीत धातूची टोपी असते आणि निमुळती बाही जवळजवळ नसतेच. धातूच्या टोपीला तीक्ष्ण तोंड असतं आणि ती कणभरही वाकत नाही. अंगाने मजबूत केबल तिथे अगदी साध्या केबलइतक्याच लवकर तुटते, काही वेळा आधी, कारण वीण जरा ताठ असेल तर वाक आणखीच टोकाकडे ढकलला जातो. माझं मत सरळ आहे. चेनमध्ये, दाराच्या फटीत, खुर्चीच्या पायाखाली केबल जात असेल तर विणलेली घ्यावी. उभ्याने प्रवास करताना फोन चार्ज करायचा असेल तर विणीपेक्षा बाहीकडे पाहावं, आणि शक्य असेल तर काटकोनात वळलेल्या पिनेची केबल घ्यावी. तिच्यात केबल मुळातच बाजूला निघते, मागे वळवावी लागत नाही.

हा सगळा प्रश्न मोबाईलच्या फार आधी एका जुन्या वस्तूने सोडवून ठेवला होता, आणि ती उल्हासनगरात आजही कामावर आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि छावणीचे भाग आजही कॅम्प १ ते ५ म्हणूनच ओळखले जातात. कॅम्प ४ आणि ५ मध्ये जीन्स शिवण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. कपडे शिवले जातात तिथे इस्त्री आलीच. विजेच्या इस्त्रीची वायर दिवसभर मागे-पुढे, मागे-पुढे जाते. लोकलमधल्या केबलपेक्षा तिचं वाकणं कितीतरी जास्त, आणि त्यात शेजारी तापलेली पट्टी.

इस्त्रीच्या जुन्या पद्धतीच्या वायरीवर सुती कापडी वीण असते आणि तिच्या आत रबराचं आवरण असतं. दोन्ही पदार्थ आपापलं काम वाटून घेतात. साधी पीव्हीसीची वायर तापलेल्या पट्टीला टेकली की वितळते आणि उघड्या तारा बाहेर येतात. सूत वितळत नाही. क्षणभर टेकलं तर ते करपतं, काळं पडतं, पण जागेवर राहतं. आतलं रबर उष्णतेत मऊपणा टिकवतं आणि तारांना सरकायला वाव देतं. जुन्या रबरी वायरीतलं तांबं कथिलाने मढवलेलं असायचं, कारण रबर पक्कं करायला वापरलेलं गंधक तांब्याला काळं करतं. म्हणजे सूत घासण्यासाठी आणि उष्णतेसाठी, रबर वाकण्यासाठी, कथील गंधकासाठी. आणि टोकासाठी इस्त्रीच्या मागे लांब रबरी बाही किंवा स्प्रिंग.

घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचं आयईसी ६०३३५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ज्या उपकरणांची वायर वापरताना हलते त्यांच्यासाठी वाकवण्याची चाचणी दिलेली आहे. वायरीला वजन लावून उपकरणाचं तोंड एका बाजूला ४५ अंश आणि दुसऱ्या बाजूला ४५ अंश असं झुलवतात, मिनिटाला ६० वेळा, आणि हे हजारो वेळा चालतं. नंतर वायर उघडून तुटलेल्या तारा मोजतात. कुठल्याही वायरीत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तारा तुटलेल्या चालत नाहीत. चाचणी करणारे वायर चालते की नाही एवढ्यावर थांबत नाहीत, तारा मोजतात, याचं कारण आपण वर पाहिलंच. एकच तार उरलेली वायरसुद्धा चालते.

इस्त्रीच्या बाबतीत ती शेवटची तार जास्त धोक्याची. १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर वीज घेते. तुटलेली टोकं एकमेकांपासून सुटताना त्यांच्यामध्ये ठिणगी पडते, बाहीतून चरचर आवाज येतो, जळक्या रबराचा वास येतो. मोबाईलच्या ५ व्होल्टच्या केबलमध्ये ही अवस्था त्रासदायक असते, इस्त्रीत ती आग लावू शकते. बाहीचा भाग बाकी वायरीपेक्षा गरम लागला, किंवा इस्त्री हलवली की दिवा लुकलुकला, तर त्याच क्षणी प्लग काढावा.

दुरुस्ती करणारे अशा वेळी नवी वायर घालत नाहीत, निदान पहिल्यांदा तरी नाही. ते आधी मल्टीमीटर बीपवर लावतात, प्लगची एक पिन आणि इस्त्रीचं आतलं टोक यांना काड्या लावतात आणि वायर बाहीपासून दोन-दोन बोटं सरकत वाकवत जातात. बीप जिथे तुटतो तिथे दोष. हाताला लागणारी खूण त्याहीपेक्षा सोपी: वायर चिमटीत धरून हळूहळू वाकवली की निरोगी भागात ती गोल कमान करते, आणि तारा तुटलेल्या भागात एकदम घडी पडते. हीच परीक्षा मोबाईलच्या केबललाही लागू आहे, आणि ती केबल बंद पडण्याच्या आधीही करता येते. दोष सापडला की त्याच्या पुढे चार-पाच बोटं चांगल्या भागात वायर कापतात. फाटीच्या अगदी लगत कापून चालत नाही, कारण शेजारचं तांबंही वाकून कडक झालेलं असतं आणि तिथेही अर्ध्या तारा गेलेल्या असू शकतात.

मोबाईलच्या केबलवर मात्र हा उपाय सहसा परवडत नाही. पिन प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेली असते, आणि बाजारातली सुटी पिन झाळली तरी सोल्डर वर चढण्याचा दोष पुन्हा तसाच राहतो. लोक पिनेजवळ चिकटपट्टी गुंडाळतात. त्याने केबल तुटायची थांबत नाही, तुटण्याची जागा फक्त चिकटपट्टीच्या कडेला सरकते. काही करायचंच तर गरम केल्यावर आवळणारी श्रिंक नळी दोन थरांत घालावी, आतली लांब आणि बाहेरची आखूड, म्हणजे कडकपणा पायरीपायरीने उतरतो. तेही केबल नवी असतानाच. तारा तुटल्यावर नळीचा उपयोग नाही.

इस्त्रीची कापलेली वायर परत बसवताना तीन गोष्टी पाळाव्या लागतात. स्क्रूखाली जाणारं टोक झाळायचं नाही, नुसता पीळ घट्ट करायचा. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं, पकड सैल होते आणि सैल जोड तापतो. वायरीवरची पकडपट्टी बाहेरच्या कापडी आवरणावर आवळायची, आतल्या रंगीत वायरींवर नाही, म्हणजे ओढ बसली तर ती आवरणावर बसेल, जोडांवर नाही. आणि अर्थिंगची हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची. पकडपट्टी कधी निसटली आणि वायर बाहेर ओढली गेली, तर वीज नेणाऱ्या वायरी आधी सुटल्या पाहिजेत आणि हिरवी सर्वांत शेवटी. उलट झालं तर इस्त्रीला वीज मिळत राहील आणि अर्थिंग मात्र तुटलेलं असेल. जोडणी झाल्यावर, इस्त्री प्लगमध्ये घालण्यापूर्वी, मल्टीमीटरची एक काडी प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरी इस्त्रीच्या धातूच्या पट्टीला लावायची, आणि बीप वाजत असताना वायर बाहीपाशी चारही दिशांना वाकवून पाहायची. बीप क्षणभरही तुटला तर वायर पुन्हा उघडायची.